सोळा रुपयांचं ताट आणि तीस रुपयांचं ताट

समाजकार्याची पदवी घेऊन मी नागपुरातल्या एका छोट्या संस्थेत लागले. पहिल्याच आठवड्यात सचिव काकांनी जुनं पत्रक पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "याला जरा नवं कर." पत्रकावर रडक्या चेहऱ्याचं एक मूल होतं, इंटरनेटवरून उचललेलं. खाली लिहिलं होतं, "या कोवळ्या कळ्या उपाशीपोटी कोमेजू नयेत म्हणून आपल्या दातृत्वाचा एक थेंब..." थेंब किती रुपयांचा, कळ्या किती आणि कुठल्या, याचा पत्ता नाही. शेवटी बँकेचा खाते क्रमांक तेवढा.

संस्था शाळेत जेवण देते. तुमच्या वाट्याला असंच पत्रक आलं असेल तर माझ्या दोन छपाया आणि एक फजिती तुमच्या कामी येईल.

लिहायला बसण्याआधी मी जुनं पत्रक घेऊन धंतोलीतल्या चार-पाच इमारतींत फिरले. दार उघडलं की दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. एका आजींनी तर चष्मा वर करून सरळच विचारलं, "शाळेत सरकार देते ना जेवण? मंग तुमाले कायले पैसे पायजे?" मला उत्तर देता आलं नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, आपलं नववी-दहावीचं आहे." एवढं महत्त्वाचं वाक्य, आणि पत्रकात कुठेच नव्हतं!

सरकारी योजना आठवीला थांबते. देशपातळीवर ती १९९५ साली सुरू झाली, आणि शिजवलेलं गरम जेवण द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण आहे, पण आपल्याकडे अजून सगळे 'शालेय पोषण आहार'च म्हणतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतली बालवाटिका ते आठवीची मुलं तिच्यात येतात. आम्ही ज्या शाळेत जातो ती पाचवी ते दहावी अनुदानित आहे. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच मधल्या सुट्टीत निम्म्याहून अधिक मुलांना ताट मिळतं आणि वरच्या दोन वर्गांना नाही.

संस्थेचं स्वयंपाकघर सुरू व्हायच्या आधीची गोष्ट मुख्याध्यापिका बाईंनी सांगितली. नववीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत सहावीतल्या भावाच्या रांगेशेजारी उभी राहायची. त्याच्या ताटात खिचडी पडली की ते ताट दोन्ही हातांनी धरून त्याला पायरीवर बसवायची आणि स्वतः नळावर जाऊन पाणी प्यायची. मागच्या वर्षी ती त्याच रांगेत होती. पास झाली आणि रांग संपली.

मी 'कोवळ्या कळ्या' खोडल्या आणि पत्रकाची सुरुवात अशी केली: "आठवीपर्यंत शाळेत जेवण मिळतं. नववीत गेलं की बंद होतं. भूक मात्र नववीत वाढते. आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या ६० मुलांना शाळेच्या २०० दिवसांत रोज दुपारी आम्ही गरम जेवण देतो." चार वाक्यं. 'गरीब', 'बिचारी', 'उपाशी' यांतलं काही नाही. आजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी विचारायच्या आत मिळतं, आणि वाचणाऱ्याच्या जिवाला जे लागायचं ते त्या दुसऱ्या वाक्यातच लागतं. ही मुलगी कोण, कुठल्या वस्तीतली, बाप काय करतो, हे मी लिहिलं नाही. तिची गोष्टच पत्रकात घेतली नाही, कारण नववी-दहावीच्या साठ जणांत 'सहावीतला भाऊ' म्हटलं की नाव न सांगता नाव कळतं. फोटोचंही तसंच. काकांना रिकामी थाळी घेतलेलं मूल हवं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्या मुलांना उद्या त्याच पत्रकाच्या पुडीत फल्लीदाणे मिळतील." मग आम्ही फोटो घेतला तो खिचडीच्या गंजाचा. वरून सांबार पेरलेला, वाफ निघतेय, आणि वाढणाऱ्या मावशींचा फक्त हात. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.)

इथवर सगळं चांगलं झालं होतं. माती खाल्ली ती आकड्यांत.

मला वाटलं, छोटा आकडा दिसला की माणूस लगेच खिसा उघडतो. मी किराण्याच्या वहीतून हिशेब काढला. आठवीपर्यंतच्या मोठ्या मुलांसाठी सरकारी योजनेत एका ताटाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असं प्रमाण आहे, तेच आम्ही पाळतो. साठ ताटांना ९ किलो तांदूळ लागतो. तेव्हा इतवारीत आम्हाला तो ४५ रुपयांनी पडायचा, म्हणजे ४०५ रुपये. १ किलो ८०० ग्रॅम तूरडाळ १५० च्या भावाने २७०. साडेचार किलो भाजी ४० रुपयांनी १८०. तेल ४५० ग्रॅम, ६३ रुपये. तिखट, हळद, मीठ, जिरं मिळून ५२. बेरीज ९७०. साठने भागलं की १६ रुपये आणि वर काही पैसे. मी मोठ्या अक्षरात छापलं: "फक्त १६ रुपयांत एका मुलाचं पोटभर जेवण!"

मागच्या बाजूला, पारदर्शकता म्हणून, लेखापरीक्षकांनी तपासलेला वर्षाचा एकूण खर्चही टाकला: ३ लाख ६० हजार.

आठवड्याभरात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ संस्थेत आले. पत्रकाच्या कडेला पेन्सिलीने गुणाकार केलेला होता. "हे बघ बेटा. साठ मुलं, दोनशे दिवस, सोळा रुपये. एक लाख ब्याण्णव हजार झाले. मागे तू तीन साठ लिहिलेत. एक लाख अडुसष्ट हजार कुठे गेले?"

कुठेच गेले नव्हते. ते गॅसमध्ये, मावशींच्या मानधनात आणि ऑटोत होते. पण पत्रक हातात घेतलेल्या माणसाला ते खाल्ल्यासारखेच दिसणार. मी तोंडी समजावत बसले, ते मान हलवत ऐकून घेत होते आणि जाताना म्हणाले, "छापलेलं काही समजावायला येत नाही."

रात्री पुन्हा वही उघडली. व्यावसायिक सिलिंडर तेव्हा साधारण १,९२० रुपयांना पडत होता आणि आमच्या शेगडीवर बारा दिवस चालायचा, म्हणजे दिवसाला १६०. स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या दोघी मावशींचे मिळून दिवसाचे ४५०. गंज आणि किराणा आणण्या-नेण्याच्या ऑटोचे १००. हे ७१० रुपये किराण्याच्या ९७० मध्ये घातले की १,६८० होतात, आणि ताट २८ रुपयांचं होतं. वर्षाकाठी लेखापरीक्षण, पावतीपुस्तकं, फुटकी-हरवलेली ताटं आणि पत्रकाची छपाई यांचे २४ हजार वेगळे. वर्षाच्या १२ हजार ताटांवर ते वाटले की प्रत्येकी आणखी २ रुपये. खरं ताट ३० रुपयांचं.

काकांना तीस छापायची धास्ती वाटत होती. "सोळावरून तीस? लोक म्हणतील भाव वाढवला." माझाही हात आखडत होता. पण सोळा छापून दहा जणांनी 'एका मुलाचं वर्ष' दिलं असतं तर ३२ हजार आले असते आणि खर्च ६० हजार झाला असता. म्हणजे जितके दाते जास्त तितका खड्डा मोठा. दुसऱ्या छपाईत आम्ही तीस लिहिले आणि त्याच्याच खाली फोड दिली: साधारण १६ शिधा, १२ गॅस, मानधन आणि वाहतूक, २ कार्यालय. पुढची आणि मागची बाजू गुणाकाराने जुळते की नाही हे मी आता छापखान्यात पाठवायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेते. पत्रक ज्याने लिहिलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

एका शब्दावर मात्र मी काकांशी भांडले. त्यांना "६,००० रुपयांत एक मूल दत्तक घ्या" हवं होतं. आमच्याकडे पैसे एकाच खात्यात येतात, गंज एकच चढतो. कुठल्या दात्याची खिचडी कुठल्या मुलाच्या ताटात गेली हे सांगता येत नाही, आणि 'माझं मूल कोण, त्याचा फोटो पाठवा' असं कुणी म्हटलं की आपण अडकलो. म्हणून "६,००० रुपये म्हणजे एका मुलाच्या वर्षभराच्या ताटांइतका खर्च" असं लिहिलं. वाक्य जरा जड झालं, मान्य. तसंच "आमच्यामुळे हजेरी वाढली" हेही गाळलं. हजेरी वाढली होती हे खरं, पण त्याच वर्षी शाळेला नवे गणिताचे सर मिळाले होते आणि मुलं त्यांच्या तासाला धावत यायची. आपण किती ताटं वाढली ते आपल्या वहीत असतं, तेवढंच आपलं.

राहिली पावती. पहिल्या पत्रकावर आम्ही क्यूआर छापला आणि "देणगी ८०जी खाली करसवलतीस पात्र" एवढं लिहून मोकळे झालो. पैसे आले, पण बँकेच्या उताऱ्यात नुसती अर्धवट नावं. संस्थेला वर्षाच्या देणग्यांचं विवरण तेव्हा फॉर्म १०बीडी मध्ये भरावं लागायचं आणि त्यावरून दात्याला १०बीई प्रमाणपत्र मिळायचं. दोन्हीची मुदत ३१ मे होती. दात्याचा पॅन आणि पत्ता नसेल तर काय भरणार? एप्रिलच्या उन्हात मी एकेका नावाचा माग काढत फोन करत होते, आणि लोकांना वाटत होतं ही पॅन मागणारी बाई फसवते आहे. आता क्यूआरखालीच ओळ असते: "पैसे भरल्यावर नाव, पत्ता आणि पॅन या क्रमांकावर पाठवा, पावती त्याच आठवड्यात मिळेल." शेजारी धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक. सवलतीबद्दलही नेमकं लिहितो: २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच मिळते. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुनं पत्रक तसंच्या तसं पुन्हा छापू नका, सीएला दाखवा.

वाटायची वेळही आम्ही बदलली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून पहिल्यांदा मे महिन्यात फिरलो होतो. पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोरून उठून कोण दार उघडतं! आता एक वाटप मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, करबचतीच्या धांदलीत, आणि दुसरं पहिल्या पावसानंतर.

दुसऱ्या छपाईची पहिली प्रत मी बँकवाल्या काकांना नेऊन दिली. त्यांनी दारातच उभं राहून पेन्सिल काढली, गुणाकार केला आणि काही न बोलता आत गेले. चार दिवसांनी पाकिटातून सहा हजारांचा धनादेश आला, मागे पॅन लिहिलेला. सोबत एक चिठ्ठी होती: "भाजीत कांदे धरलेत का?"

धरले होते. साडेचार किलोतच.