वार्षिक म्युझिक प्लॅन मध्येच बंद करताय? पैसे परत मागताना या चुका टाळा

मामांनी नोव्हेंबरात बँकेतून पासबुक भरून आणलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. १४ जूनच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे ११८८ रुपये कसले गं? मी ते गाण्यांचं तर जानेवारीतच बंद केलंय."

मामा नाशिकरोडला राहतात. पहाटे नाट्यसंगीत लावल्याशिवाय त्यांचा चहा होत नाही. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी एका म्युझिक ॲपचा वार्षिक प्लॅन फोनच्या ॲप-स्टोअरमधूनच घेतला होता, ११८८ रुपयांना. जानेवारीत माझ्या भावाने त्यांना घरच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतलं, म्हणून मामांनी जुनं ॲप फोनवरून काढून टाकलं. त्यांच्या लेखी विषय तिथेच मिटला.

ॲप काढलं म्हणजे प्लॅन बंद झाला, असं धरणं

सगळ्यात जास्त पैसे या चुकीपायी जातात. प्लॅन असतो तुमच्या खात्यावर. पैसे वळते करण्याची परवानगी, म्हणजे मँडेट, असते यूपीआयमध्ये किंवा कार्डावर. ॲप हा नुसता दरवाजा. तो काढून टाकला तरी खातं आणि मँडेट दोन्ही जागच्या जागी राहतात.

मामांनी बंद करायचा प्रयत्नही केला होता, हे मला नंतर कळलं. "कुठे दाबलंत?" विचारलं तर म्हणाले, "रद्द करा असं होतं तिथे. मग का सोडताय ते विचारलं, तेही सांगितलं. मग मोठ्या अक्षरात काहीतरी सवलत आली, तेव्हा बंद केला फोन." म्हणजे शेवटच्या पडद्याच्या अलीकडूनच ते परत फिरले. तुम्ही बंद करायला निघालात की वाट लांबवायची, ही चाल इतकी सर्रास झाली की केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्लॅन रद्द करणं मुद्दाम अवघड करणं हा त्यांतलाच एक प्रकार आहे.

प्लॅन खरंच बंद झाला का, हे ओळखायची खूण सोपी आहे. रद्द केल्यावर पुन्हा Subscriptions या पानावर जा. तिथे अजून पुढच्या वसुलीची तारीख दिसत असेल, तर प्लॅन चालू आहे. अमुक तारखेला संपेल असं दिसलं, तर तो बंद झाला. याच पानाचा स्क्रीनशॉट हवा, 'रद्द करा' या बटणाचा नव्हे. बटण दिसत होतं एवढ्यावरून ते दाबलं गेलं हे सिद्ध होत नाही.

उरलेल्या महिन्यांचे पैसे आपोआप मिळतील, असं समजणं

मामांचा हिशोब सरळ होता. ११८८ भागिले बारा म्हणजे महिन्याला ९९. जून ते नोव्हेंबर पाच महिने गेले, सात उरले, सात गुणिले ९९ म्हणजे ६९३. तेवढे तरी द्यावेत की!

बहुतेक म्युझिक कंपन्यांच्या अटींमध्ये हा हिशोब बसत नाही. वार्षिक प्लॅन मध्येच रद्द केला की पुढची वसुली थांबते. भरलेल्या वर्षाची गाणी मुदत संपेपर्यंत ऐकता येतात, पण उरलेल्या महिन्यांचे पैसे परत येत नाहीत. मन बदललं, दुसरं ॲप आवडलं, घरात फॅमिली प्लॅन आला, ही कारणं ऐकायला रास्त वाटतात, पण त्यांवर ६९३ काय, रुपयासुद्धा हक्काने मागता येत नाही. हे कडू आहे, पण आधी मान्य करावं. नाहीतर चुकीच्या मुद्द्यावर भांडण्यात महिने जातात आणि खरा मुद्दा बाजूला पडतो.

हक्क उभा राहतो तो वेगळ्या ठिकाणी. तुम्ही आधीच बंद करायला सांगितलं होतं आणि तरी पैसे कापले, एकाच महिन्यात दोनदा कापले, पैसे भरले पण प्लॅन सुरूच झाला नाही, किंवा कंपनीनेच सेवा गुंडाळली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सदोष सेवेचे पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवस धरले जातात. पण तिथला शब्द 'सदोष सेवा' असा आहे, 'नको झालेली सेवा' असा नाही. म्हणून अर्जात "मला आता नको आहे" असं पहिलं वाक्य लिहिलंत, तर तुमची बाजू तुम्हीच कमकुवत केलीत.

वैयक्तिक प्लॅनवरून फॅमिली प्लॅनवर जाताना एक गोष्ट जपा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी घेतले असतील, एक ॲप-स्टोअरमधून आणि दुसरा वेबसाइटवरून, तर जुन्याचे उरलेले पैसे नव्यात वळते होतील असं धरून चालू नका. जुन्याचे सहा-सात महिने शिल्लक असतील तर त्याची मुदत संपेपर्यंत नवा घेऊ नका, हा माझा स्पष्ट सल्ला.

चुकीच्या दारात अर्ज करणं

मामांसाठी मी पहिला मेल म्युझिक कंपनीला केला. उत्तर आलं की पैसे आमच्याकडे भरलेले नाहीत, ॲप-स्टोअरकडे जा. स्टोअरकडून उत्तर आलं की मुदत उलटली, कंपनीकडे जा. या टोलवाटोलवीत आमचे बारा दिवस गेले.

पैसे कोणाच्या नावावर गेले ते पासबुकातल्या ओळीत असतं. तिथे म्युझिक कंपनीऐवजी स्टोअरचं नाव असेल, तर पहिला अर्ज स्टोअरकडे. गूगल प्लेवरून घेतलं असेल तर खरेदीपासून ४८ तासांच्या आत तिथेच रिफंड मागता येतो. त्यानंतर ॲप बनवणाऱ्या कंपनीला लिहायला सांगतात. आयफोनवरून घेतलं असेल तर reportaproblem.apple.com इथे मागणी नोंदवायची, प्रत्येक मागणी तिथे वेगळी तपासतात. मोबाइल रिचार्जसोबत आलेला प्लॅन असेल तर दूरसंचार कंपनीचं दार. कंपनीच्या वेबसाइटवर थेट पैसे भरले असतील तरच कंपनी पहिली.

अर्जाला ऑर्डर क्रमांक लागतो. गूगल प्लेच्या पावतीवर तो `GPA.` ने सुरू होतो. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक वेगळा, तो बँकेचा. आम्ही पहिल्या मेलमध्ये फक्त यूपीआयचा क्रमांक दिला होता आणि त्यावरून त्यांना ऑर्डर सापडेना. दोन्ही द्या.

अनेक जण वैतागून यूपीआय ॲपमधलं मँडेट रद्द करतात. ते करावंच, कारण पुढच्या जूनची वसुली थांबते. पण गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत, आणि मँडेट काढलं म्हणजे रिफंड मागितला असाही अर्थ होत नाही.

पुरावा नंतर शोधू, असं म्हणणं

मामांच्या बाबतीत विरुद्ध जाणारी एक गोष्ट होती. बँकेचा १३ जूनचा एसएमएस फोनमध्ये होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि ती दिली गेली होती. "मला माहीतच नव्हतं" असं म्हणायला जागा नव्हती. मी तो एसएमएस लपवला नाही. समोरच्याकडे तो असतोच.

मग दोन गोष्टी सापडल्या. मामांच्या 'पाठवलेले' फोल्डरमध्ये १९ जानेवारीचा एक मेल होता, चारच शब्दांचा: "माझा प्लॅन बंद करा." रद्द होईना म्हणून त्यांनी तो ग्राहक सेवेला पाठवला होता आणि विसरून गेले होते. त्यावर यंत्राचं उत्तर आलं होतं, तक्रार क्रमांकासह. दुसरी गोष्ट म्हणजे ऐकण्याचा इतिहास. मामांच्या खात्यातून स्वतःची माहिती मागवली, तर शेवटचं गाणं जानेवारीत वाजलेलं. म्हणजे नव्या वर्षात एक मिनिटही सेवा वापरलेली नव्हती.

यावर मागणीच बदलली. ६९३ मागायचे नव्हतेच. वसुलीच्या पाच महिने आधी नकार कळवलेला होता, म्हणून अख्खे ११८८ मागायचे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी हे लिहिलं:

"१९ जानेवारीला आपल्याला लेखी कळवून प्लॅन बंद करायला सांगितलं होतं, तक्रार क्रमांक सोबत आहे. तरीही १४ जूनला ११८८ रुपये वळते झाले. जानेवारीनंतर सेवा वापरलेली नाही, खात्याचा इतिहास जोडला आहे. पूर्ण रक्कम त्याच खात्यात परत करावी. ऑर्डर क्रमांक आणि बँकेचा संदर्भ क्रमांक खाली आहेत."

ई-कॉमर्स नियम २०२० नुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. आम्हाला पोच आली, पुढे काही नाही. महिना झाल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, तक्रार कंपनीपुढे मांडून पाठपुरावा करते. तेवढं पुरलं. अकराव्या दिवशी ११८८ परत आले.

आले नसते तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तिथे मात्र स्क्रीनशॉटच्या छापील प्रती नुसत्या देऊन भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं. म्हणून मूळ मेल पुसू नका, फोन बदललात तर जुना लगेच विकू नका.

प्लॅन घ्याल त्याच दिवशी रिफंडच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवा, तारखेसकट. कंपन्या ते पान बदलत राहतात, आणि तुम्ही घेतलं तेव्हा काय लिहिलं होतं हे सहा महिन्यांनी त्यांच्या वेबसाइटवर सापडेलच असं नाही. मामांनी आता त्यासाठी मेलमध्ये 'गाणी' नावाचं वेगळं फोल्डर केलंय. पहिली पावती, अटींची पीडीएफ आणि १९ जानेवारीचा तो चार शब्दांचा मेल, तिन्ही त्यात आहेत.