या चुका टाळा: सगळ्या सर्वोंचा नंबर १ आणि लोड १३४४ कसा काय?

गेल्या महिन्यात इथं सांगलीत विश्रामबागच्या दोन पोरांनी सहा सर्वोंचा रोबो हात माझ्याकडं आणला, पट्ट्या कुपवाड एमआयडीसीतल्या भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या, काम एकदम झकास. पण म्हणतात कसं, "दादा, एकाला हलवायला गेलं की सगळेच हलतात, आणि पोझिशन वाचली की एरर." हे ऐकलं की वायर, बोर्ड काय तपासायची गरजच नाही, आयडी दिलेले नाहीत एवढंच.

त्यांचे सर्वो फीटेकचे एसटीएस ३२१५. हे फॅक्टरीतनं आयडी १ घेऊनच येतात, आणि तुम्ही सहाच्या सहा एका माळेत जोडले की आयडी १ ला दिलेला हुकूम सगळेच पाळणार. वाचताना मात्र सगळे एकदम उत्तर देतात, डेटाची वायर एकच, मग बिट एकमेकांवर आदळतात आणि चेकसम चुकतो. गंमत म्हणजे पिंग कधीकधी पास होतं, कारण पिंगचं उत्तर सगळ्यांचं अक्षरशः सारखंच असतं, बरोबर वेळेत आलं तर एकावर एक बसून जातं. म्हणून "पिंग येतंय की" म्हणून निवांत बसू नका. पोझिशन प्रत्येकाची वेगळी असते, तीच वाचून बघायची.

आयडी देताना माळ सोडायची, बोर्डाला एकावेळी एकच सर्वो लावायचा. सर्वोचा पावर सप्लाय पण चालू पाहिजे हां, यूएसबीवर मोटार जागी होत नाही. स्पीड मुळात १०००००० बॉड असतो, तोच ठेवा. तिसऱ्या सर्वोला आयडी ३ द्यायचा तर पायथनमध्ये असं लिहायचं, इथं pk म्हणजे लायब्ररीचा पॅकेट हँडलर आणि port म्हणजे उघडलेला पोर्ट:

```
pk.write1ByteTxRx(port, 1, 55, 0)
pk.write1ByteTxRx(port, 1, 5, 3)
pk.write1ByteTxRx(port, 3, 55, 1)
```

५५ नंबरचं रजिस्टर म्हणजे कुलूप. पहिल्या ओळीत ते उघडलं, दुसरीत आयडी लिहिला, तिसरीत परत लावलं, आणि बघा, तिसऱ्या ओळीत पत्ता ३ आहे, कारण तोवर सर्वोचं नाव बदललेलं असतं. पोरं पहिली ओळ विसरली होती. मग होतं असं की आयडी ३ चालतो, तुम्ही खूश, आणि वीज बंद करून चालू केली की पठ्ठ्या परत १. म्हणून आयडी दिला की एकदा सप्लाय बंद-चालू करा, मग तपासा, आणि मार्करनं अंगावर नंबर लिहून टाका. माळेत कुठला आधी कुठला नंतर यानं काही फरक पडत नाही, फक्त आयडी वेगळे पाहिजेत.

एवढं झालं, हात नीट हलायला लागला आणि दोन दिवसांनी परत फोन, "दादा, खांदा मधेच ढिला पडतो." त्यांनी सेफ्टी म्हणून लोड ८०० च्या वर गेला की टॉर्क बंद करायचं लिहिलं होतं, आणि खांद्याचा लोड वाचला तर १३४४. आता लोडची मजल १००० पर्यंतच, म्हणजे शंभर टक्के, एक आकडा म्हणजे ०.१ टक्के. मग १३४४ आला कुठनं? शून्यापासून मोजलं तर दहावा बिट दिशेचा आहे, त्याची किंमत १०२४. १३४४ मधनं १०२४ गेले की राहिले ३२०, म्हणजे उलट्या दिशेनं ३२ टक्के, बिचारा आरामात काम करत होता. हात पलीकडच्या बाजूला झुकवून वाचलं तर सरळ ३१० आले. असं वाचायचं:

```
raw, res, err = pk.read2ByteTxRx(port, 2, 60)
load = raw & 0x3FF
if raw & 0x400:
    load = -load
```

`res` शून्य नसेल तर तो आकडा टाकूनच द्या. पोझिशन ५६ वर असते, ० ते ४०९५, एक पाऊल साधारण ०.०८८ अंश.

पण हा लोड म्हणजे वजन नव्हे बरं का. मोटारला किती टक्के ताकदीनं ढकललं जातंय एवढंच तो सांगतो. हात थांबलेला असताना गिअरचं घर्षणच बराच भार तोलून धरतं, आकडा कमी दिसतो, उचलायला लागला की तोच आकडा वर. आणि व्होल्टेज पडलं तर त्याच वजनाला टक्के जास्त लागतात. म्हणून मी ६२ नंबर पण वाचायला लावला, तिथं ७४ म्हणजे ७.४ व्होल्ट. हात उचलताना बुडाच्या सर्वोला ७४ आणि पंज्याच्या सर्वोला ६७ दिसत होते, सहा सर्वोंचा करंट त्या बारक्या वायरींतनं जातोय म्हटल्यावर दुसरं काय होणार. त्याच सप्लायमधनं जाड वायरीनं पावर आणि ग्राउंड माळेच्या मधे, चौथ्या सर्वोपाशी पण दिला, डेटाची वायर आहे तशीच ठेवली. पंज्यापाशी ७२ आले. मर्यादा ८०० चीच ठेवली, फक्त आता चिन्ह काढून बघतो, आणि एकदा नाही तर सलग पाच वेळा ८०० च्या वर आला तरच टॉर्क बंद, कारण हलायला सुरुवात करताना आकडा क्षणभर उडी मारतोच.