परदेशी ग्राहकाला युरोत दर देताना: आधी खोका मोजा, मग ठिकाण ठरवा

आयईसी कोड, बँकेचे चालू खाते, जीएसटीचा एलयूटी हे सगळे तुमच्याकडे आहे असे धरून चालतो. उदाहरण सावंतवाडीच्या रंगीत लाकडी फळांचे घेऊ. चितारआळीतून घेतलेले, पाच फळे आणि एक वाडगा असे ३६० सेट, ग्राहक हॅम्बुर्गचा दुकानदार. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून सोयीचे घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पद्धत तीच राहील.

१. दर देण्याआधी एक सेट खरोखर पॅक करा.

अंदाजाने दर देणारे इथेच अडकतात, कारण जहाजाचे भाडे वजनावर नाही, जागेवर जाते. पूर्ण कंटेनर नसेल तर एक घनमीटर किंवा एक टन, यात जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. पोकळ वाडगा आणि हलके लाकूड असलेला माल नेहमी घनमीटरवरच जातो.

आपला सेट २० × २० × १५ सेंमीच्या डब्यात बसला. मोठ्या खोक्यात असे १८ डबे. खोक्याचे बाहेरचे माप ६२ × ४२ × ४८ सेंमी, म्हणजे ०.१२५ घनमीटर. २० खोक्यांचे झाले अडीच घनमीटर, वजन मात्र जेमतेम २८० किलो. ग्राहक "विमानाने किती?" असे विचारतोच, तेव्हा हेही लक्षात ठेवा: तिथे साधारण ६००० घन सेंमीला एक किलो धरतात. आपला १४ किलोचा खोका बिलात जवळजवळ २१ किलोचा होतो.

रंगावर थेट बबल रॅप गुंडाळू नका. उकाड्यात त्याचे गोल ठसे लाखेवर उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी पातळ टिश्यू, मग रॅप. लाकूड नीट वाळलेले हवे, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत भरलेला खोका हॅम्बुर्गला बुरशी घेऊन उतरतो. पॅलेट किंवा लाकडी पेटी वापरणार असाल तर तिच्यावर लाकडातली कीड मारल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो, आणि पॅलेटची उंचीही घनमीटरमध्ये मोजली जाते. प्लायवुडला तो शिक्का लागत नाही.

२. रुपयांत सगळे जोडा, शेवटी एकदाच भागा.

सेट आणि पॅकिंग ७०० रुपये, म्हणजे ३६० सेटचे २,५२,०००. न्हावा शेव्यापर्यंत ट्रक १२,०००. कस्टम एजंट, कागदपत्रे आणि गोदामाचे शुल्क १८,०००. बँकेचे ३,०००. बेरीज २,८५,०००. त्यावर २० टक्के नफा धरला की ३,४२,०००, म्हणजे सेटला ९५० रुपये.

आता युरोचा दर. गुगलवर दिसतो तो दर तुम्हाला कधीच मिळत नाही. बँकेला तिचा टीटी खरेदी दर, म्हणजे आलेले युरो ती ज्या दराने घेते तो, विचारा. तो ९७ असेल तर मी ९५ ने भागतो, कारण पैसे हातात येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. सेट १० युरोला, ऑर्डर ३६०० युरोची. "वर दहा टक्के चढवा आणि मोकळे व्हा" हा सल्ला देणाऱ्याने खोका कधी मोजलेला नसतो. कोटेशनवर ३० दिवसांची मुदत घाला.

३. भाड्याची अट आणि पैशाची अट एकत्र ठरवा.

सगळ्यात निसरडी पायरी ही. मला ती समजायला बराच वेळ लागला, कारण भाडे हा वाहतुकीची सोय करणाऱ्या फॉरवर्डरचा विषय आणि पैसे हा बँकेचा, असे जो तो सांगतो. प्रत्यक्षात प्रश्न एकच असतो: पैसे येईपर्यंत माल कोणाच्या ताब्यात आहे?

बहुतेक जण सवयीने एफओबी लिहितात. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. पण सुट्टा, म्हणजे पूर्ण कंटेनर न भरणारा, माल तुम्ही जहाजावर चढवत नाही, सीएफएसच्या, म्हणजे असा माल कंटेनरमध्ये भरणाऱ्या, गोदामात देऊन येता. तिथे तो चार दिवस पडून राहिला आणि भिजला, तर नुकसान तुमचे. म्हणून एफसीए लिहा, आणि पुढे गोदामाचे नाव. ग्राहकाच्या फॉरवर्डरकडे माल सोपवला की तुमची जोखीम संपली. इन्कोटर्म्स २०२० या व्यापार-अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कंटेनरच्या मालासाठी एफसीएच सुचवलेले आहे.

पण इथे सापळा आहे. एफसीएत फॉरवर्डर ग्राहकाने नेमलेला असतो. सुट्ट्या मालाचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे ज्यावर माल सोडवला जातो तो कागद, तोच देतो, हॅम्बुर्गला माल सोडणाराही त्याचाच माणूस. अशा वेळी "उरलेले पैसे माल निघाल्यावर" असे कबूल करणे म्हणजे गोठ्याची किल्ली गिऱ्हाइकाकडे देऊन म्हशीचे पैसे मागणे. त्यामुळे माझा नियम: फॉरवर्डर ग्राहकाचा, तर पूर्ण पैसे माल सोपवण्याआधी. १८०० युरो काम सुरू करताना, १८०० तयार खोक्यांचे फोटो पाहून. माल आपल्या गोदामातून हलण्याआधी.

ग्राहक याला तयार नसेल तर भाडे तुम्ही ठरवा आणि सीआयएफ हॅम्बुर्ग, म्हणजे तिथपर्यंतचे समुद्रभाडे आणि विमा धरून, असा दर द्या. आता फॉरवर्डर तुमचा, बिल ऑफ लेडिंगच्या तिन्ही मूळ प्रती तुमच्या हातात. स्कॅन पाठवा, बाकी रक्कम खात्यात दिसली की मगच मूळ कागद कुरियरने रवाना करा. तोपर्यंत मूळ कागदांशिवाय माल सोडण्यासाठी फॉरवर्डरने "टेलेक्स रिलीज देऊ का?" असे कितीही गोड विचारले तरी नाही म्हणा. एकदा होकार दिला की मूळ प्रतींना किंमत उरत नाही.

सीआयएफचा दुसरा काटा: सुट्ट्या मालाचे समुद्रभाडे संशयास्पद स्वस्त दाखवतात आणि कसर पलीकडच्या बंदरात ग्राहकाकडून काढतात. टर्मिनल, गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर अशा शुल्कांची पट्टी त्याच्या हातात पडते आणि तो तुमच्यावर चिडतो. हॅम्बुर्गचे शुल्क फॉरवर्डरकडून लेखी मागवा आणि कोटेशनला जोडा. देत नसेल तर फॉरवर्डर बदला.

विमानाने माल जाणार असेल तर कागद अडवून ठेवण्याचा मार्गच नाही. एअर वेबिल हा मालकीचा कागद नव्हे. त्यावर ज्याचे नाव, त्याला माल मिळतो. म्हणून विमानाला सगळे पैसे आगाऊ.

"एलसी मागा, सुरक्षित असते" हे ऐकून ३६०० युरोला एलसी, म्हणजे ग्राहकाच्या बँकेची पैशाची हमी, मागू नका. दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क, आणि नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी वेगळा दंड, यात नफा जातो. मोठ्या ऑर्डरला ठीक. आणि ग्राहकाचे नाव रंगवलेले वाडगे असतील तर आगाऊ रक्कम वाढवा. साधी फळे दुसरीकडे विकता येतात, नाव असलेला वाडगा कोणी घेत नाही. हॅम्बुर्गला पडून राहिलेला माल परत आणण्याचे तर नावच काढू नका, गोदामभाडे आणि परतीचे भाडे मिळून मालापेक्षा महाग पडते.

४. कोटेशन लिहा.

एका पानात बसते: सेटचा दर युरोत, खोक्यांची संख्या आणि घनमीटर, अट व ठिकाण, पैशाचे टप्पे, मुदत. मालाचे वर्णन "लाकडी शोभेच्या वस्तू" असे करा, एचएस कोड ४४२०. खेळणी म्हटलेत की युरोपच्या खेळणी-सुरक्षेच्या चाचण्या मागे लागतात. ग्राहकाला मुलांसाठीच विकायचे असेल तर तो दर वेगळा, चाचणीचा खर्च धरून.

"दोन्हीकडचे बँक शुल्क ग्राहकाकडे" हेही लिहा, नाहीतर मधल्या बँका कापून घेतात आणि १८०० च्या जागी कमीच जमा होतात. खात्याच्या तपशिलाखाली एक ओळ हवी: खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.