टायपिंगसाठी फूट पेडल घेताय? आधी ते पेडल कुठल्या जातीचं आहे ते बघा

ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायच्या कामाला नवीन लागलेली मुलं-मुली पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी विचारतात, एक म्हणजे रेट किती मिळतो आणि दुसरं म्हणजे पेडल कुठलं घेऊ. रेटचं ज्याचं त्याने बघावं, पेडलबद्दल मात्र मी सविस्तर लिहितोय, कारण यात पैसे वाया जातात ते पेडल खराब निघाल्यामुळे नाही, तर ते कुठल्या प्रकारचं आहे हेच माहीत नसल्यामुळे.

पेडल स्वतः ऑडिओ चालू करत नाही. ते फक्त एवढंच सांगतं की डावं बटण दाबलं, मधलं दाबलं, मधलं सोडलं. डावं म्हणजे रिवाइंड आणि मधलं म्हणजे प्ले हे दुसरं कोणीतरी ठरवतं, आणि ते "दुसरं कोणीतरी" दोन ठिकाणी असू शकतं. बाजारात त्यामुळेच दोन जातीची पेडलं आहेत.

पहिली जात म्हणजे खास ट्रान्सक्रिप्शनसाठीच बनवलेली. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनवाल्यांकडे सर्रास दिसणारं इन्फिनिटीचं तीन बटणांचं यूएसबी पेडल, फिलिप्सची, ऑलिम्पसची वगैरे. इन्फिनिटीत डावीकडे रिवाइंड, मधे मोठं प्ले आणि उजवीकडे फॉरवर्ड असं धरलेलं असतं, दुसऱ्या कंपनीत मांडणी वेगळी असू शकते. हे पेडल कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसत नाही, त्यामुळे नोटपॅड उघडून कितीही दाबा, काहीच उमटणार नाही, आणि नवीन माणसाला वाटतं की बंद पडलंय. बंद नसतं. त्याची भाषा ऐकणारं सॉफ्टवेअर चालू हवं, अर्थ तिथेच ठरतो. एक्सप्रेस स्क्राइब या ऑडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये Options मधे Controller टॅबवर जा, तिथे Controller Setup Wizard आहे, तो एकेक बटण दाबायला सांगतो आणि कुठल्या बटणाला काय काम ते लावून घेतो. डावं-उजवं उलट हवं असेल तर तेही इथेच बदलायचं.

या जातीचा मोठा फायदा असा की दाबलं हे जसं कळतं तसं सोडलं हेही सॉफ्टवेअरला कळतं. पाय खाली असेपर्यंत आवाज चालू, पाय उचलला की थांबला. सगळं काम या एका गोष्टीवर चालतं कारण मग हात कीबोर्डवरून हलतच नाही. याला जोडूनच प्लेबॅकच्या सेटिंगमधे ऑटो बॅकस्टेप असतं, म्हणजे पाय उचलल्यावर ऑडिओ आपोआप थोडा मागे सरकतो आणि परत दाबलं की शेवटचे दोन-तीन शब्द पुन्हा ऐकू येतात. मी दीड सेकंद ठेवतो, फार भराभर बोलणारा डॉक्टर असेल तर अजून वाढवतो. आकडा कुठल्या एककात टाकायचा ते तिथेच लिहिलेलं असतं ते बघून घ्या, मिलिसेकंद असेल तर दीड सेकंदासाठी 1500 टाकावे लागतात, नुसतं 2 टाकलं तर काही फरकच जाणवणार नाही.

दुसरी जात स्वस्त असते, ऑनलाइन "यूएसबी फूट स्विच" म्हणून मिळते, एक बटणाची किंवा तीन बटणांची. ही पेडलं कॉम्प्युटरला सरळ कीबोर्ड म्हणून दिसतात. कुठल्या बटणाने कुठली की जाणार हे पेडलच्या आतल्या मेमरीत लिहिलेलं असतं, एकदा लिहिलं की दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं तरी तेच राहतं. तुमच्या हातात कुठली जात आहे हे कळायला विंडोजमधे Device Manager उघडा, पेडल काढा आणि परत लावा, Keyboards खाली नवीन नाव आलं तर ही दुसरी जात, फक्त Human Interface Devices खाली आलं तर बहुतेक पहिली.

आता या दुसऱ्या जातीचं एक उदाहरण पूर्ण सांगतो कारण बहुतेक नवीन लोक हेच विकत घेतात. आमच्याकडे एक मुलगी मराठी मुलाखती टाइप करायचं काम घेत होती, संशोधनासाठी घेतलेल्या लांब लांब मुलाखती. वर्डमधे मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टायपिंग आणि मागे एक्सप्रेस स्क्राइबमधे ऑडिओ. तिने तीन बटणांचं स्वस्त पेडल आणलं, लावलं, आणि दाबलं की मजकुरात मधेच ो, व, म असं उमटायला लागलं. पेडल खराब आहे म्हणून ती परत पाठवणार होती. पण हे अगदी बरोबर चाललं होतं! अशा पेडलमधे कारखान्यातून बऱ्याचदा a, b, c या कीज भरून येतात आणि इनस्क्रिप्टमधे a वर ोची मात्रा, b वर व आणि c वर म आहे. म्हणजे जे उमटतंय त्यावरूनच कळतं की कुठल्या बटणात काय भरलंय.

म्हणून पहिलं काम, पेडलमधली अक्षरं काढून फंक्शन कीज भरायच्या. त्या भाषा बदलली तरी बदलत नाहीत, मराठी चालू असो की इंग्रजी, F7 हा F7 च राहतो. एक्सप्रेस स्क्राइबमधे आधीपासून F9 म्हणजे प्ले, F4 म्हणजे स्टॉप, F7 रिवाइंड आणि F8 फॉरवर्ड असतं. पेडलसोबत विंडोजचं छोटं प्रोग्राम येतं त्यातून हे भरता येतं, आणि लिनक्सवर footswitch नावाचं फुकट टूल आहे, त्याच्या यादीत तुमचं मॉडेल असेल तर एका ओळीत होतं:

```
sudo footswitch -1 -k f7 -2 -k f9 -3 -k f4
```

म्हणजे पहिल्या बटणाला रिवाइंड, दुसऱ्याला प्ले आणि तिसऱ्याला स्टॉप. इथे कोणीही विचारेल की फॉरवर्ड का नाही ठेवलं. कारण F9 दाबल्यावर ऑडिओ चालू होतो पण पाय उचलल्यावर थांबत नाही, F9 फक्त सुरू करायची आज्ञा आहे. त्यामुळे स्टॉपला वेगळं बटण द्यावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर टायपिंग करताना फॉरवर्ड फार लागत नाही, जेव्हा लागेल तेव्हा हाताने F8 दाबा.

एवढं झाल्यावर दुसरी अडचण आली, आणि ही जास्त धोक्याची आहे. तिने मागे जायला पेडल दाबलं तर वर्डचं स्पेलिंग तपासायचं पॅनल उघडलं. कारण वर्डमधे F7 चा अर्थ तोच आहे, आणि की नेहमी समोर चालू असलेल्या खिडकीला जाते, मागच्या नाही. त्यातही F8 भरला असता तर अजून वाईट, वर्डमधे F8 ने सिलेक्शन वाढवायचा मोड सुरू होतो, दोन-तीनदा दाबलं गेलं की शब्द, वाक्य असं सिलेक्ट होत जातं आणि पुढचं अक्षर टाइप केलं की सगळं उडतं (असं झालं तर घाबरू नका, लगेच Ctrl+Z, आणि मोडमधून बाहेर यायला Esc). उपाय एक्सप्रेस स्क्राइबच्या Options मधे हॉटकीजच्या पानावर आहे, तिथे सिस्टम-वाइड हॉटकीज चालू करायच्या, म्हणजे समोर वर्ड असलं तरी त्या कीज आधी स्क्राइब पकडतो. ते केल्यावर तिचं पेडल नीट चालायला लागलं आणि मग परत काही तक्रार आली नाही.

ब्राउझरमधल्या ओट्रान्सक्राइबवर काम करणाऱ्यांनी वेगळ्या कीज भरायच्या, तिथे Esc ने प्ले आणि पॉझ दोन्ही होतं, F1 ने मागे, F2 ने पुढे. टायपिंग त्याच पानावर होत असल्यामुळे वर्डवाला घोळ नाही. एकच की दोन्ही कामं करते म्हणून इथे पाय दाबून धरायचा नाही, नुसतं टॅप करून सोडायचं. कीबोर्ड जातीचं पेडल दाबून धरलं तर अक्षर जसं पुन्हा पुन्हा उमटतं तशीच Esc पुन्हा पुन्हा जाऊ शकते आणि ऑडिओ चालू-बंद चालू-बंद व्हायला लागतो. तसं ऐकू आलं की समजायचं, पाय जास्त वेळ खाली राहतोय.

ज्यांना पाय वापरता येत नाही किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी हाताचे कंट्रोल आहेत. मला यातलं कॉन्टूरचं शटल-एक्सप्रेस चांगलं माहितीये, पाच बटणं, मधे फिरणारी चकती आणि तिच्याभोवती स्प्रिंगची रिंग, रिंग डावीकडे वळवून सोडली की आपोआप मधे येते. चकतीच्या एका टिचकीला थोडं मागे-पुढे लावता येतं, बटणांना प्ले आणि स्टॉप, आणि उरलेल्या एखाद्या बटणाला [अस्पष्ट] सारखा नेहमी लागणारा मजकूर. याच्या ड्रायव्हरमधे प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी सेटिंग असते आणि नवीन माणूस साहजिकच एक्सप्रेस स्क्राइबच्या नावाने ती भरतो. पण ड्रायव्हर बघतो समोर कुठली खिडकी आहे ते, आणि समोर तर वर्ड असतं! म्हणून F7, F9, F4 वर्डच्या सेटिंगमधे भरायचे आणि स्क्राइबमधे सिस्टम-वाइड हॉटकीज चालू ठेवायच्या. हात कीबोर्डवरून उचलावा लागतो त्यामुळे स्पीड पायाइतका येत नाही हे मात्र मान्य करूनच घ्या.

घरून कंपनीच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने काम करणार असाल तर खरेदीच्या आधी एक विचारा, ऑडिओ प्लेअर कुठल्या मशीनवर चालणार. तो तिकडे सर्व्हरवर असेल तर तुमच्या टेबलाखालचं पहिल्या जातीचं पेडल त्याला आपोआप दिसत नाही, त्यासाठी कंपनीच्या आयटीवाल्यांना वेगळी सोय करून द्यावी लागते. कीबोर्ड जातीचं पेडल अशा वेळी बऱ्याचदा चालून जातं कारण कीज तशाही पलीकडे पाठवल्या जातातच. म्हणजे इथे स्वस्त पेडल महागापेक्षा कामाचं ठरू शकतं.

सेकंडहँड घेताना टोकाला यूएसबी आहे ना ते बघा. जुन्या पेडलांना नऊ पिनचा सिरियल, पंधरा पिनचा गेम पोर्ट किंवा कॅसेटच्या मशीनचा गोल पिन असतो, आजच्या लॅपटॉपला ते लागतच नाहीत आणि अडॅप्टर शोधण्यात वेळ जातो. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर हलकी पेडलं सरकतात, खाली रबरी पायपुसणं टाका, टाच जमिनीवर टेकलेली ठेवा आणि फक्त चवड्याने दाबा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पोटरी भरून येते.

आणि पेडल सकाळी चालत होतं पण जेवून आल्यावर मेलं, काढून लावलं की परत चालतं, असं होत असेल तर पेडलला दोष देऊ नका, विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधे USB selective suspend setting आहे ते Disabled करा. हबवर लावलं असेल तर तिथून काढून सरळ लॅपटॉपला लावून बघा, तेवढ्यानेही बऱ्याच वेळा काम होतं.