फॉल आणि परकर: शिकताना उसवलेल्या दोन शिवणी

फॉल-बिडिंगची कामं घ्यायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एका साडीच्या वरच्या काठाला फॉल लावून बसले. दोन्ही काठ सारखेच होते. काकू साडी नेसायला लागल्या तर फॉल कमरेशी! रात्री बसून सगळा उसवला. तेव्हापासून साडी सुलट अंथरते, पदर उजव्या हाताला ठेवते. मग माझ्याकडे येतो तो काठ खालचा. त्याला टाचणी टोचते आणि मगच साडी उलटी करते.

फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. फॉल सुती, तो आटतो. सिल्क किंवा सिंथेटिक साडी त्याच्याइतकी आटत नाही. कोराच लावला तर देताना काम छान दिसतं, पण पहिल्या धुण्यानंतर काठ चुण्या धरतो.

आत खोचायच्या टोकापासून वीतभर सोडून सुरुवात करते. फॉलची खालची कड काठाच्या सूतभर आत ठेवून बारीक धावदोरा घालते, वरच्या कडेला हेम. हेम घालताना सुईत साडीचे एक-दोनच धागे घ्यायचे आणि दोरा ओढायचा नाही. साडी सुलट करून बघा: ठिपके दिसले तर धागे जास्त उचललेत, खळगे दिसले तर दोरा ताणलाय.

परकराचंही कापड आधी भिजवते. सहा कळ्यांच्या परकरात माझी चूक वेगळीच झाली. नितंबाचं माप 40 इंच होतं, दोन इंच ढिलाई धरून 42, म्हणजे प्रत्येक कळी वर सात इंच, शिवणीसह आठ. खाली साडेबारा ठेवले. साडेवीस इंच रुंद पट्टा तिरका कापला की अशा दोन कळ्या निघतात. त्यांची एक कड सरळ असते, दुसरी तिरकी. मी तिरकीला तिरकी जोडली, तर त्या शिवणी लोंबल्या आणि घेर खालीवर झाला. तिरकी कड नेहमी शेजारच्या कळीच्या सरळ कडेला जोडायची. शिवण वरून सुरू करायची. तिरकी कड जरा लांब असते, तिचा जास्तीचा तुकडा खाली छाटता येतो. मग परकर रात्रभर टांगून ठेवते आणि सकाळी खालची कड सारखी करून दुमडते.

एक शिवण वरून सात इंच उघडी सोडून तिच्या कडा दुमडायच्या. नेफ्याची पट्टी चार इंच रुंद घ्यायची, दुमडून दीड इंचाचा नेफा होतो. त्याची दोन्ही तोंडं या फटीशीच यायला हवीत. नाडी दोन मीटर, सेफ्टी पिन लावून ओवायची. मागच्या मध्यावर नेफ्यासकट नाडीवर उभी टीप मारते, नाहीतर धुताना एक टोक आत जातं आणि गिऱ्हाईक तेवढ्यासाठी परत येतं.