ओटीपीचे परिपत्रक आणि पाऊण मिनिटाची चित्रफीत

बँकेच्या परिपत्रकात ‘ओटीपी कोणासही सांगू नये’ हे वाक्य ठळक होते; पण ग्राहकाला ते पाठ असूनही तो फसतो, कारण समोरचा माणूस ओटीपी पैसे काढण्यासाठी नव्हे, तर परत देण्यासाठी मागत असतो. म्हणून या परिपत्रकावरून केलेल्या चित्रफितीच्या संहितेत मी मनाई बाजूला ठेवून तोच क्षण घेतला.

“काका, तुमचा परतावा अडकलाय, आलेला आकडा तेवढा सांगा,” असे फोनवरचा आवाज म्हणतो. काका चष्मा लावून संदेश पूर्ण वाचतात: २४,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी ओटीपी. “पैसे येणार म्हणता, मग इथे खरेदी कशी?” एवढे विचारून ते फोन ठेवतात. खात्यात पैसे जमा होण्यासाठी ओटीपी लागत नाही, हे वाक्य तेव्हाच पडद्यावर येते.

दायित्वाचा परिच्छेद मात्र गाळण्याजोगा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे असते. त्यामुळे शेवटच्या दृश्यात, आकडा सांगून बसलेली शेजारीण आधी बँकेला आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करते.