चेक बाउन्सची केस टाकताय? या चुका टाळा

चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ ची केस कोर्टात हरण्याआधी बऱ्याचदा समोरच्याला पाठवायच्या मागणीच्या नोटिशीतच हरलेली असते. आमच्याकडे एक फॅब्रिकेशनवाले काका आले होते, ग्रिल आणि शटरचं काम करून दिलेलं, समोरच्याने २,४०,००० चा चेक दिला आणि मग थोड्या दिवसांनी ६०,००० ऑनलाइन टाकले. काकांनी तरी चेक पूर्ण रकमेचाच बँकेत टाकला, तो ‘फंड्स इनसफिशियंट’ म्हणून परत आला, आणि काका म्हणाले आता याला सोडत नाही.

इथेच पहिली चूक झाली. चेक लिहिल्यानंतर आणि तो वटवायला टाकण्याआधी काही पैसे आले असतील तर चेकवरची रक्कम ही खरी थकबाकी राहत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अशा पूर्ण रकमेच्या चेकवर १३८ लागत नाही. कायद्यात चेकवरच आलेल्या पैशांची नोंद करून उरलेल्या रकमेसाठी टाकायची सोय आहे, पण व्यवहारात सरळ १,८०,००० चा नवा चेक मागून घ्यावा. काकांनी तेच केलं. नशीब म्हणायचं की समोरच्याने दिला, नाहीतर जुन्या चेकची मुदत संपल्यावर दिवाणी दावाच उरला असता.

नवा चेकही बाउन्स झाला, ५ मार्चला चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आला. आता तारखांचा हिशोब नीट बघा, कारण सगळी केस यावर उभी आहे. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत नोटीस गेली पाहिजे. ‘देतो हो पुढच्या आठवड्यात’ या व्हॉट्सअ‍ॅपवर लोक हे दिवस घालवतात आणि ३० दिवसांचा उशीर कोर्ट माफ करू शकत नाही. पण चेकवरच्या तारखेपासून ३ महिने व्हायचे असतील तर तो परत बँकेत टाका, पुन्हा बाउन्स झाला की नवा मेमो, नवे ३० दिवस.

नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच करा. व्याज, वकील फी मागायची असेल तर वेगळ्या ओळीत, वेगळा आकडा. सगळं एकत्र करून गोळाबेरीज मागितली की समोरचा वकील खूश. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर १ कोटीचा चेक आणि नोटिशीत २ कोटी असं प्रकरण होतं, टायपिंगची चूक म्हणून सांगितलं तरी चाललं नाही.

काकांची नोटीस २० मार्चला रजिस्टर्ड पोस्टाने गेली, २४ ला पोचली. मग १५ दिवस समोरच्याला पैसे भरायला, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत थांबायचं. तक्रार ९ एप्रिलपासून ९ मेपर्यंत टाकायची. घाईघाईत ९ एप्रिलच्या आधी टाकली तर ती तक्रारच ग्राह्य नाही. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर कोण विसंबणार? पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट लगेच काढून ठेवा, वर्षभराने साइटवर काही सापडत नाही. पाकीट ‘अनक्लेम्ड’ शेरा मारून परत आलं तर घाबरू नका, पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असंच धरतात, फक्त ते पाकीट फोडू नका, तसंच कोर्टात द्या.

केस कुठे टाकायची? तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात, समोरच्याच्या गावी हेलपाटे घालायची गरज नाही.

ट्रायलमध्ये सही मान्य झाली की देणं होतं असं कायदा गृहीत धरतो, मग आरोपी हमखास म्हणतो चेक सिक्युरिटीचा, म्हणजे फक्त तारण म्हणून दिलेला होता. काकांकडे बिल आणि डिलिव्हरी चलन होतं म्हणून उलटतपासणीत निभावलं. रोख उसने दिलेले असतील आणि कुठेच नोंद नसेल तर मात्र ‘एवढे पैसे आणलेत कुठून’ या प्रश्नावर भलेभले अडखळतात.

आणि शेवटची चूक तडजोडीत होते. आरोपी पुढच्या तारखांचे चार चेक देतो, तक्रारदार हुरळून केस मागे घेण्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन टाकतो, आणि दुसराच चेक बाउन्स! मग जुनी केस संपलेली आणि परत पहिल्यापासून नोटीस. तडजोड लोकअदालतीत नोंदवून घेतली तर तो अवॉर्ड दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसुलीला लावता येतो. काकांनी तीन हप्ते लिहून घेतले, आणि पुरसिसवर सही तिसरा हप्ता खात्यात दिसल्यावरच केली.